सोमवारच्या मीटिंगमध्ये मीही हसले. आता?

सुरसागरकाठी

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे, नऊ वर्षं झाली. दर सोमवारी साडेनऊला प्रॉडक्शनची मीटिंग असते. टेबलाभोवती आम्ही अकरा जण. स्टोअर्सला एक मुलगा आहे, पंचवीस-सव्वीसचा, गोध्र्याकडच्या गावातला, अजून प्रोबेशनवर. त्याने सप्लायरला पाठवलेली इंग्रजी मेल प्लांट हेड त्यालाच उभं करून मोठ्याने वाचायला लावतात. एखादा शब्द चुकीचा उच्चारला की 'शुं? शुं?' करत तीन-तीनदा म्हणवून घेतात. लोक हसतात. मग साहेब म्हणतात, 'बेसी जा, राजा.' मेलमध्ये माल, तारीख, नग सगळं बरोबर असतं. त्याबद्दल अवाक्षर नाही.

तीन महिने हे चालू आहे. गेल्या सोमवारी तो 'अर्जंट'वर अडला आणि मला हसू आलं. मुद्दाम नाही, सगळ्यांबरोबर आलं. नेमकं तेव्हाच त्याने वर पाहिलं, माझ्याकडे.

दुपारी आलेल्या मालाची पावती, जीआरएन, घ्यायला स्टोअर्समध्ये गेले तर तो रॅकमागे पॅलेटवर बसून डबा खात होता. आधी कॅन्टीनमध्ये आमच्याच टेबलावर असायचा. डब्याच्या झाकणात लोणचं काढून ठेवलेलं, पोळ्या तशाच. मला बघून 'हो ताई, देतो' म्हणत उठला आणि हात धुवायला गेला.

त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही, तक्रारही केलेली नाही. मग बघणाऱ्यावर काही बंधन येतं का? की मी बोलले तर ते फक्त माझं मन हलकं करायला?

खंडेराव_मार्केट

ताई, मी स्पष्टच लिहितो. नका पडू. इथे याला दोन शब्दांत म्हणतात, 'आपणे शुं?' आपल्याला काय? आणि यात काही पाप नाही. घराचा हप्ता, मुलांची फी तुमच्या डोक्यावर, साहेबाच्या नाही. उद्या तुमची बदली दहेजला झाली की तो मुलगा येणार आहे का रोज तुम्हाला सोडायला? मुलगा सज्ञान आहे, त्याला तोंड आहे.

राजवाडा_इंदूर

आजकाल बॉस जरा बोलला की छळ. मी इंदूरला बारा जणांची सेल्स टीम चालवतो. टार्गेट आलं नाही तर आरती ओवाळायची का? मीही सगळ्यांसमोर झापतो. त्याशिवाय माणूस घडत नाही, आम्हीही असेच घडलो. यात बघणाऱ्याचा काय संबंध? त्यांनी आपापली नोंद घ्यावी आणि कामाला लागावं.

सुरसागरकाठी

झापण्याबद्दल माझं म्हणणंच नाही हो. मार्चमध्ये त्याने बिन कार्डला चाळीसच्या जागी चारशे बेअरिंग चढवले होते, तेव्हा साहेब खूप बोलले आणि ते बरोबरच होतं. मेलमध्ये तर चूकच नसते.

राजवाडा_इंदूर

मग उच्चार सुधारतोय की मुलाचा. असो.

अर्धा_वकील

ताई, तुमच्यावर कायदेशीर जबाबदारी आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या छळाचा कायदा बघा. अंतर्गत समितीकडे जा, साक्षीदारसुद्धा तक्रार करू शकतो. मानसशास्त्रानेही हे सिद्ध केलंय. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला किटी जेनोव्हीज नावाच्या बाईचा खून झाला, अडतीस शेजारी खिडकीतून बघत राहिले, एकानेही पोलिसांना बोलावलं नाही. गर्दी जितकी मोठी तितका माणूस षंढ.

कोर्टाची_पायरी

नावाप्रमाणे अर्धंच बरोबर आहे भाऊ. तो कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे. इथे त्रास होतोय तो एका मुलाला, आणि विषय उच्चारांचा. समिती म्हणेल, हे आमच्याकडे येत नाही. सहकाऱ्याने तक्रार करण्याची सोय २०१३ च्या नियमांत आहे हे खरं, पण जिला त्रास झाला ती स्वतः तक्रार देऊ शकत नसेल तेव्हा, आणि तीसुद्धा साधारणपणे तिच्या लेखी संमतीने. हा संमतीचा भाग सगळे विसरतात.

लैंगिक नाही, जातीवरून नाही, मारहाण किंवा धमकी नाही, नुसती आठवड्याला एकदा शोभा, अशा छळासाठी खाजगी नोकरीत आपल्याकडे वेगळा कायदा नाही. बघणाऱ्याने कळवलंच पाहिजे असंही कुठे नाही. जातीचा उल्लेख करून हिणवत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा येऊ शकतो. ताई, तसं काही आहे का?

फ्रान्सचं सांगण्यासारखं आहे. तिथे २००२ मध्ये मानसिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात छळाची साक्ष दिली किंवा माहिती दिली म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. माणूस गप्प का बसतो हे त्यांनी बरोबर हेरलं. आपल्याकडे हे कवच नाही, म्हणून खंडेरावांना मी भित्रे म्हणणार नाही.

सुरसागरकाठी

जातीवरून कधी काही बोललेले ऐकलं नाही. गावावरून बोलतात.

कमाटीबागेतली_खार

मानसशास्त्र शिकवते, म्हणून जेनोव्हीजबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खून झाला हे खरं, अडतीस जण बघत बसले हे वर्तमानपत्राने रंगवलेलं होतं. खून प्रत्यक्ष घडताना पाहणारे मोजकेच होते. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला तात्पुरतं पळवूनही लावलं होतं. गोष्ट सोयीची होती म्हणून टिकली.

पण त्या बातमीमुळे लाताने आणि डार्ली या दोघांनी जे प्रयोग केले ते खरे आहेत. १९६८ चा एक तुमच्या मीटिंगशी फार जुळतो. खोलीत बसून फॉर्म भरायचा, आणि भिंतीतल्या फटीतून धूर यायला लागतो. एकटा बसलेला असेल तर चारांपैकी तीन जण उठून सांगायला जातात. शेजारी दोन माणसं मुद्दाम बसवली, ज्यांनी धुराकडे बघून खांदे उडवायचे आणि फॉर्म भरत राहायचं, तर दहातला एकच उठतो. बाकीचे डोळे चोळतात, हाताने धूर बाजूला सारतात, आणि लिहीत राहतात.

ते भित्रे नव्हते. शेजाऱ्याचा चेहरा शांत दिसला म्हणून त्यांनी ठरवलं की आग नसावी. गंमत अशी की धुराच्या खोलीत खरेच अनोळखी लोक एकत्र बसले तरी प्रत्येक जण वरून शांत राहून दुसऱ्याचा चेहरा वाचत असतो.

ताई, आता वाईट वाटेल असं लिहिते. तुमच्या मीटिंगमध्ये तुमचं हसू हा इतरांसाठी तसाच शांत चेहरा होता. तुमच्या डाव्या हाताला बसलेल्याला कदाचित पोटात कालवलं असेल. त्याने तुमच्याकडे पाहिलं, नऊ वर्षं जुनी बाई हसतेय, म्हणजे हे चालतं. म्हणून मला 'हस्तक्षेप करावा का' हा प्रश्नच जरा तिरका वाटतो. तुम्ही बाहेर उभ्या नाही आहात. हसणं हाही एक हस्तक्षेप होता, साहेबांच्या बाजूने.

खंडेराव_मार्केट

म्हणजे आता हसण्याचीही जबाबदारी?

कमाटीबागेतली_खार

हो.

पण दुसरी बाजूही सांगते. गर्दी म्हणजे षंढ हे रस्त्यावरसुद्धा खरं नाही. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं काही संशोधकांनी तपासली. दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त तितकी ती शक्यता जास्त. मात्र ते रस्त्यावरचं. तिथे मध्ये पडणारा नंतर घरी जातो. ऑफिसात तुम्ही त्याच माणसाकडून अप्रेझल घेता. म्हणून ऑफिसातल्या गप्प बसण्याला 'दुसरा कुणी बोलेल' हे कारण अपुरं पडतं. तिथे हिशोब असतो, आणि तो सहसा चुकीचा नसतो. एक गोष्ट मात्र ऑफिसच्या बाजूची आहे. धूर एकदाच येतो. तुमची मीटिंग पुढच्या सोमवारी पुन्हा आहे.

लष्करची_लेक

ग्वाल्हेरहून. मी तो मुलगा होते, म्हणून लिहिते.

खाजगी शाळेत शिकवायचे. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिका माझ्या वह्या तपासण्यावरून, साडीवरून, मराठी वळणाच्या हिंदीवरून बोलायच्या. 'मॅडम, ये आपका नाना का बाड़ा नहीं है।' दीड वर्ष. स्टाफरूममध्ये चौदा खुर्च्या होत्या. सोडल्यावर त्यातल्या सहा जणींचे फोन आले, 'हमें बहुत बुरा लगता था।' खरं सांगते, त्या फोनांनी जास्त राग आला. दीड वर्ष मला वाटायचं की वाईट फक्त मलाच वाटतंय, म्हणजे दोष माझाच असेल.

उभं राहून भांडणारी कुणी मला नको होती. चित्रकलेचे एक सर होते, अगदी मितभाषी. एकदा असं झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, पेन्सिलला टोक काढता काढता म्हणाले, 'जो हुआ, मैंने सुना। गलत था।' आणि तासाला गेले. एवढंच. त्या दिवशी घरी जाऊन दोन घास नीट खाल्ले.

ताई, त्या मुलाने तुम्हाला हसताना पाहिलंय. आधी ते निस्तरा. प्लांट हेड नंतर.

अर्धा_वकील

मोबाईलवर रेकॉर्ड करा ना सरळ. पुरावाच पुरावा.

गेट_नंबर_दोन

इतका वेळ वाचत होतो. एकतीस वर्षं कार्मिक विभागात काढली, बहुतेक इंजिनीअरिंग कारखान्यांत. आता निवृत्त, दांडिया बाजारात असतो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

रेकॉर्डिंगच्या फंदात पडू नका. बऱ्याच प्लांटमध्ये शॉपफ्लोअरवर आणि मीटिंगमध्ये मोबाईलला मनाई असते. मग मूळ विषय राहतो बाजूला आणि चौकशी तुमच्या मोबाईलची होते. मी स्वतः हे होताना पाहिलंय, आणि खाली मान घालून सांगतो, एकदा केलंयही.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो. शिफ्ट इनचार्ज एका क्लार्कला तोंडाला येईल ते बोलायचा. क्लार्कने शेवटी लेखी तक्रार दिली आणि सात साक्षीदारांची नावं घातली. डोमेस्टिक इन्क्वायरी लागली. पाच जणांनी सांगितलं, 'साहेबांचा आवाज मुळातच मोठा आहे.' सहावा बाजूने बोलला, पण काय? 'नेहमी शिव्या देतात.' नेहमी म्हणजे कधी? कोणत्या शिफ्टला? काय शब्द? तो गप्प. बचावाच्या माणसाने त्याला तीन मिनिटांत झोपवला. सातवा गेज रीडिंग घेणारा होता, खिशात छोटी डायरी. रीडिंगच्या बाजूला, समासात, त्याने चार ठिकाणी लिहून ठेवलं होतं: तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, समोर कोण होतं. रीडिंग रोजची आणि सलग होती, त्यामुळे मागाहून घुसडलं असं म्हणायला जागा नव्हती. अशा चौकशीला कोर्टासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त आहे इतकं दिसलं तरी पुरतं. त्या चार ओळींवर प्रकरण उभं राहिलं.

म्हणून साक्षीदाराचं मुख्य काम मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटणं नाही. ज्याच्यावर बेततं त्याचं डोकं त्या क्षणी बंद असतं, त्याला शब्द आठवत नाहीत, वेळ आठवत नाही. तुम्हाला आठवतात. त्याच दिवशी लिहा. 'अपमान केला' असं लिहू नका, तो तुमचा निष्कर्ष झाला. 'उभं करून मेल वाचायला लावली, अमुक शब्द तीनदा म्हणवला, मेलमधल्या मालाबद्दल प्रश्न विचारला नाही, हजर अकरा' असं लिहा. आपण हसलो असू तर तेही लिहा. त्याने नोंद खरी वाटते.

मीटिंगमध्ये करायचंच असेल तर एक जुनी युक्ती आहे. माणसाला धरू नका, कामाचा विषय पुढे करा. 'साहेब, त्या मेलमधला माल गुरुवारी आला नाही तर माझी लाइन थांबते, तारीख आधी ठरवू का?' साहेबाचा मान राहतो, मुलगा खाली बसतो. दहातून चारदा चालतं. चारचौघांत साहेबाला थेट 'हे बरोबर नाही' म्हणालात तर टाळ्या तुम्हाला आणि मंगळवार त्या मुलाला. त्याचं कन्फर्मेशन याच साहेबाच्या सहीने होणार आहे. म्हणून पुढचं पाऊल त्याला विचारून.

आणि लेखी तक्रारीला मर्यादा आहे. कारखान्याचे स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, कामगारांना लागतात, प्लांट हेडला नाही. त्याच्याबाबत फक्त वरचं ऑफिस काही करू शकतं, तेही त्याचं प्रॉडक्शन खाली असेल तर लवकर.

खंडेराव_मार्केट

काका, त्या डायरीवाल्याचं पुढे काय झालं ते नाही लिहिलंत.

गेट_नंबर_दोन

विचाराल असं वाटलंच होतं. इनचार्जची दुसऱ्या प्लांटला बदली झाली, पगार तोच. डायरीवाल्याचं ग्रेडचं प्रमोशन दोनदा हुकलं. कागदावर कारण वेगळं होतं. तो कागद माझ्याच विभागातून निघाला.

खंडेराव_मार्केट

मग मी काय वेगळं म्हणत होतो?

लष्करची_लेक

तुम्ही 'नका पडू' म्हणत होतात. काका 'पडलात तर किंमत आहे' म्हणतायत. या दोन गोष्टी एक नाहीत.

राजवाडा_इंदूर

परत आलोय. काल आमच्या रिव्ह्यूला एका पोराला झापताना सहज बाकीच्यांच्या तोंडाकडे बघितलं. नऊच्या नऊ जण लॅपटॉपमध्ये. एरवी मला वाटायचं लिहून घेतायत. एकाची स्क्रीन मागच्या काचेत दिसत होती, बंद होती. बाकी काही म्हणायचं नाही.

कोर्टाची_पायरी

काकांच्या मुद्द्याला जोडून. डायरी घरी ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा मेलवर नको. ती दोन्ही तुमची नसतात, राजीनाम्याच्या दिवशी परत जातात.

आणि बंधन आहे का, या मूळ प्रश्नावर माझं मत: बघणाऱ्या अकरा जणांवर ते सारखं नाही. प्रोबेशनवरचा दुसरा मुलगा गप्प बसला तर मी त्याला बोल लावणार नाही. नऊ वर्षं झालेली, साहेबांना जिच्या प्लॅनिंगची गरज आहे अशी व्यक्ती गप्प बसली तर लावेन. ज्याला कमी गमवावं लागतं त्याने आधी.

कमाटीबागेतली_खार

इथे मला शंका आहे. ज्याला कमी गमवावं लागतं त्याला सहसा असंच वाटत असतं की आपल्याला सगळ्यात जास्त गमवावं लागेल.

सुरसागरकाठी

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते.

त्या धाग्यानंतरच्याच दिवशी स्टोअर्समध्ये गेले. काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं, आयत्या वेळी विसरले. म्हटलं, 'सोमवारी मी हसले. हसायला नको होतं.' तो बिन कार्ड लिहीत होता. म्हणाला, 'ठीक छे ताई, बधा हसे छे.' सगळेच हसतात. मग विचारलं, मी कुणाशी बोलू का. लगेच म्हणाला, 'ना ना, ताई, नका. जूनमध्ये कन्फर्मेशन आहे.' दोनदा म्हणाला. म्हणून बोलले नाही.

पुढच्या सोमवारी गेट नंबर दोन काकांची युक्ती केली. साहेब थांबले, माझ्याकडे बघितलं, तारीख ठरली, मुलगा बसला. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच केलं तर साहेब म्हणाले, 'तमे एना वकील छो?' तुम्ही याच्या वकील का. आणि त्या दिवशी माझा प्लॅन पानोपान तपासला गेला. सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही, पण कुणी वरही बघितलं नाही. तेव्हा कळलं, तिथून अकरा माणसं कशी दिसतात.

डायरी लिहिते आहे, पाच नोंदी झाल्या. पहिलीत माझं हसणं आहे. मेंटेनन्सच्या एकांना दाखवली, ते म्हणाले, 'मला यात घेऊ नका,' आणि जाताना एक तारीख दुरुस्त करून गेले. त्या सोमवारी सुट्टी होती, मंगळवारी मीटिंग झाली होती.

जून गेला की मी वरच्या ऑफिसला लिहावं का, हे अजून ठरत नाही. त्याने नको म्हटलंय ते कन्फर्मेशनपुरतं की कायमचं, हे विचारायचं धाडस झालेलं नाही.

परवा जीआरएन द्यायला तो माझ्या टेबलाशी आला. कागद ठेवला, गेला नाही. मग हळूच विचारलं, 'ताई, होळीच्या आधीच्या मीटिंगला कोण कोण होतं, तुम्हाला आठवतं?'

गेट_नंबर_दोन

नावं लिहून द्या. तुमच्या हाताने नको, त्याला लिहू द्या.